सहा कार्टन राहिले

भिवंडीच्या गोदामपट्ट्यात, म्हणजे राहनाळ, पूर्णा, काल्हेर, वळ, माणकोली या गावांच्या हद्दीत, कोन गावची बरीच मुलं कामाला आहेत. कुणी इनवर्डला, कुणी डिस्पॅचला, कुणी नुसता स्टॉक मोजायला. घरी आगरी किंवा साधी मराठी, गोदामात हमालांशी हिंदी, आणि रात्री गाडी सुटली की इंग्रजीत मेल. या मेलचं काम त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. माझी सगळी नोकरी मालवाहतुकीच्या ऑफिसात, परदेशी गिऱ्हाइकांच्या पत्रव्यवहारात गेली, म्हणून शेजारपाजारची मुलं मोबाईल घेऊन माझ्याकडे येतात. त्यातल्या एका मेलबद्दल सविस्तर सांगते, कारण मराठीत तयार झालेला विचार इंग्रजीत जाताना नेमकं काय बिघडतं ते त्यात अगदी स्वच्छ दिसतं.

मुलगा डिस्पॅच सुपरवायझर आहे. माल एका परदेशी कंपनीचा, काचेच्या भांड्यांचा. आदल्या रात्री 240 कार्टन जायचे होते, 234 गेले. त्याने लिहिलं होतं ते असं: "यस्टरडे ईव्हनिंग ट्रॅफिक वॉज देअर ॲट राजनोली सो व्हेइकल केम लेट ॲण्ड बाय डूइंग लोडिंग नाइट हॅपन्ड, इन दॅट सिक्स कार्टन्स केम वेट सो दे आर रिमेंड, स्टिल आय ॲम सेंडिंग टुडे."

यामागचं मराठी वाक्य आपल्याला लगेच ऐकू येतं. काल संध्याकाळी राजनोलीला ट्रॅफिक होतं म्हणून गाडी उशिरा आली आणि लोडिंग करता करता रात्र झाली, त्यात सहा कार्टन भिजलेले निघाले म्हणून ते राहिले, तरी आज पाठवतो. या मराठीत काही चूक नाही. फोनवर कुणाला सांगायचं तर असंच सांगावं. मुलाचा शब्दसाठाही कमी नाही, त्याला हवे ते सगळे शब्द येतात. पण पलीकडच्या माणसाने हा मेल वाचला तर त्याला तीन गोष्टी कळतील आणि तिन्ही खोट्या असतील.

पहिली म्हणजे "केम वेट". मराठीत भिजलेला निघाला म्हणजे उघडून किंवा उचलून पाहिला तेव्हा भिजलेला आढळला. कुठे भिजला याबद्दल ते क्रियापद काही बोलत नाही. इंग्रजीतलं "केम" मात्र माल बाहेरून येतानाच ओला होता असं सांगतं. म्हणजे भिजण्याची जबाबदारी बंदरावरून कंटेनर आणणाऱ्याची किंवा माल बांधणाऱ्याची झाली. नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो तो अशाच एका शब्दावर. मी मुलाला विचारलं, "अरे, नक्की कुठे भिजले ते ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "नाही ना काकू. डॉकवर पॅलेट आणलं तेव्हा खालच्या थरातले सहा ओले लागले. पत्रा गळतोय का तेही बघायला सांगितलंय." मग मेलमध्ये तेवढंच यायला हवं: डॉकवर ओले सापडले, कारण अजून कळलेलं नाही.

दुसरी गोष्ट "दे आर रिमेंड". गोदामाच्या मराठीत "राहिलं" हा शब्द दिवसातून कितीदा येतो त्याला गणती नाही. सही राहिली, बिल राहिलं, जेवण राहिलं. विसरलं तरी राहिलं, वेळ मिळाला नाही तरी राहिलं, मुद्दाम ठेवलं तरी राहिलंच. ऐकणाऱ्याला प्रसंग माहीत असतो, त्यामुळे अडत नाही. इंग्रजीत "आर रिमेंड" हे व्याकरणात बसत नाहीच, पण त्याहून वाईट म्हणजे वाचणारा त्यातून अर्थ काढतो की हे लोक सहा कार्टन चढवायला विसरले. इथे माझ्या लक्षात आलं की मी त्याला अजून महत्त्वाचा प्रश्न विचारलाच नव्हता. "ते राहिले की तू ठेवलेस?" तो थोडा थांबून म्हणाला, "मीच ठेवले. ड्रायव्हर म्हणत होता टाका, वरून तर कोरडेच दिसतायत. मी म्हटलं नको, आत काच आहे, खोका बसला तर फुटेल."

म्हणजे मुलाने योग्य निर्णय घेतला होता आणि दबाव असताना घेतला होता, आणि त्याच्या मेलमधून तो निर्णयच गायब झाला होता. करणाऱ्याला मागे ठेवून झालेली गोष्ट पुढे करायची सोय मराठीत फार मोठी आहे. "मी ठेवले" म्हणणं आपल्याला थोडं मिरवल्यासारखं वाटतं, "राहिले" म्हटलं की शोभतं. इंग्रजी वाक्य मात्र आधी कर्ता मागतं, आणि तो दिला नाही तर वाचणारा स्वतः शोधतो. बहुधा निष्काळजी माणूस शोधतो.

तिसरी गोष्ट शेवटची: "आय ॲम सेंडिंग टुडे". आपण भविष्यातलं आश्वासन सर्रास वर्तमानकाळात देतो. उद्या येतो, करतो, पाठवतो. त्यात शब्द देण्याचा भाग असतो, आणि थोडा समोरच्याला धीर देण्याचाही. इंग्रजीत ते वाक्य ठरून गेलेल्या गोष्टीसारखं वाचलं जातं, जणू गाडी बुक झाली आणि माल निघायच्या बेतात आहे. मी विचारलं, आजची गाडी ठरली आहे का? नव्हती. बदली कार्टन स्टॉकमध्ये होते, पण ते काढायला गिऱ्हाइकाची परवानगी लागणार होती. तेव्हा "पाठवतो" हे वाक्य इंग्रजीत लिहिण्यासारखंच नव्हतं. तिथे परवानगी मागायला हवी होती.

यानंतर आम्ही मेल बाजूला ठेवला आणि मराठी वाक्याचे तुकडे केले. हीच माझी पद्धत आहे आणि ती मी घाईत कधी करू देत नाही. "म्हणून", "आणि", "त्यात", "करता करता", "तरी" हे सगळे जोड काढून टाकायचे. उरतात त्या सुट्या घटना, प्रत्येक एका ओळीत. प्रत्येक ओळीपुढे लिहायचं: कुणी केलं, आणि झालंय की व्हायचंय. मग वाचणाऱ्याला आधी काय हवं त्याप्रमाणे ओळी वरखाली करायच्या. मराठीत आपण कारणापासून सुरुवात करतो, कारण आधी परिस्थिती सांगणं हा बोलण्यातला सभ्यपणा आहे. ऑफिसातला इंग्रजी वाचणारा पहिल्या ओळीत परिणाम शोधतो. तिथे त्याला राजनोलीचं ट्रॅफिक भेटलं तर ती सबब वाटते. आमच्या मेलमध्ये ट्रॅफिक शेवटी गेलं, आणि खरं तर काढून टाकलं असतं तरी चाललं असतं, कारण कार्टन मागे ठेवण्याशी त्याचा संबंधच नव्हता. मराठी वाक्यात ते दोन्ही एकाच ओघात आले म्हणून संबंध असल्यासारखा वाटत होता.

शेवटी गेलेला मेल असा होता: "आय हेल्ड बॅक सिक्स ऑफ द 240 कार्टन्स लास्ट नाइट बिकॉज वी फाउंड देम वेट ॲट द डॉक. वी डू नॉट यट नो हाऊ दे गॉट वेट. वी आर चेकिंग द रूफ. द अदर 234 हॅव लेफ्ट. वी हॅव सिक्स गुड कार्टन्स इन स्टॉक. मे वी सेंड दोज इन्स्टेड? द ट्रक लेफ्ट लेट ड्यू टु ट्रॅफिक." यात एकही शब्द असा नाही जो त्या मुलाला आधीपासून येत नव्हता. उत्तरात त्यांनी परवानगी दिली आणि त्याच पॅलेटच्या वरच्या थराचे फोटो मागितले. प्रश्न मुद्द्याला धरून आला यावरून मेल नीट पोचला हे कळतं. आधीच्या मेलवर "काय झालं ते स्पष्ट करा" एवढंच उत्तर आलं असतं.

नोकरीच्या अर्जात वेगळ्या जागा दुखतात. तिथे घटनांची साखळी नसते, पण काळाचा घोळ असतो. "तीन वर्षांपासून" आणि "2021 पासून" या दोन्हींना मराठीत एकच "पासून" पुरतं, म्हणून मुलं "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स" असं लिहितात. इंग्रजीत मुदतीला "फॉर" लागतं आणि सुरुवातीच्या क्षणाला "सिन्स", शिवाय क्रियापद "हॅव बीन वर्किंग" होतं. तसंच "होता"चं. "मी काल फोन केला होता" याचं "आय हॅड कॉल्ड यस्टरडे" होतं, आणि इंग्रजी वाचणारा पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो, की फोन केला होता, आणि मग काय झालं? त्याला "आय कॉल्ड यस्टरडे" एवढंच हवं असतं. "राहतो"चं "स्टे" केलं तर परदेशी माणसाला वाटतं की हा कोनला तात्पुरता उतरला आहे. "च"चं "ओन्ली" करण्याची सवयही अशीच. "आजच गेला" याचं "टुडे ओन्ली" न करता "लेफ्ट टुडे" लिहिलं की पुरे, जोर वाक्यातून आपोआप कळतो.

पण सगळंच घासून काढावं असं मला वाटत नाही. "प्रीपोन" आपल्याकडे सगळ्यांना कळतं आणि आता इंग्रजी कोशांतही आहे. "डू द नीडफुल" जुनाट आहे, पण ठाण्या-मुंबईच्या ऑफिसात त्याने कुणाचं नुकसान होत नाही. मेल अंधेरीला जाणार असेल तर मी त्याला हात लावत नाही. "आय हॅव अ डाउट" मात्र परदेशी मेलमध्ये नक्की बदलते. तिथे "शंका आहे" याचा अर्थ "तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास नाही" असा लागतो, आणि मुलाला फक्त प्रश्न विचारायचा असतो. कुठला शब्द विचित्र वाटतो यापेक्षा कुठला शब्द उलटा अर्थ लावतो, याची काळजी आधी करायला हवी.

मराठी माध्यमात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. या मुलांनी दहा-दहा वर्षं इंग्रजीचा तास केला आहे. त्याआधीच्या कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. तिथे मराठी वाक्याच्या बदल्यात इंग्रजी वाक्य द्यायचं असतं. तो सराव वाईट नाही, त्याने व्याकरण पक्कं होतं. पण पाठमालेतलं मराठी वाक्य आधीच सुटसुटीत करून दिलेलं असतं. गोदामातून निघालेलं वाक्य तसं नसतं, ते सोडवण्याचं काम लिहिणाऱ्यालाच करावं लागतं आणि त्याचा तास कुठल्याही शाळेत नसतो.

मुलाखतीत ही पद्धत पूर्ण चालत नाही, कारण कागदावर तुकडे करायला वेळच नसतो. तिथे मी एवढंच सांगते की मराठीत जिथे "म्हणून" किंवा "आणि" येणार, तिथे वाक्य संपवायचं आणि श्वास घ्यायचा. परवा त्याच मुलाला मी विचारून पाहिलं, आत्ताची नोकरी का सोडतोयस? पहिल्यांदा तो "सॅलरी इज नॉट अफोर्डिंग सो" करत अडकला. पगार परवडत नाही, हे तिथे तसंच्या तसं उतरवलेलं होतं. मी म्हटलं, थांब, परवडत नाही म्हणजे काय ते मराठीतच सांग. "काकू, काम सुपरवायझरचं आणि पगार पिकरचा." मग तो इंग्रजीत म्हणाला, "आय डू अ सुपरवायझर्स वर्क. आय ॲम पेड ॲज अ पिकर. आय वॉन्ट द राइट जॉब."

तिसरं वाक्य त्याने स्वतःच जोडलं होतं.