कोटेशनमधला ‘फिटिंगसह’ हा शब्द महागात पडतो

कर्जतजवळच्या एका फार्महाऊसला मी कोटेशन दिलं होतं: ‘चार कॅमेरे, फिटिंगसह ३८,००० रुपये.’ बस्स, एवढंच. गेट घरापासून बरंच लांब निघालं. मालक म्हणाले, “फिटिंगसह म्हणालात ना? मग चर खोदणं, पाइप टाकणं तुमचंच.” वर जीएसटीही त्यातच धरला होता त्यांनी! चूक माझीच होती.

आता तोच भाग मी असा लिहितो:

‘३८,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी ६,८४०, एकूण ४४,८४०. यात चार कॅमेरे, डीव्हीआर, हार्ड डिस्क, ९० मीटरपर्यंत वायर आणि फिटिंग. वायर जास्त लागली तर आधी विचारून, मीटरप्रमाणे ३५ रुपये. चर खोदणं, गेटजवळ लाइटचा पॉइंट आणि इंटरनेट ग्राहकाकडे.’

‘९० मीटरपर्यंत’ लिहायचं तर आधी साइटवर टेप लावून मोजावं लागतं. फोनवर विचारून आकडा टाकू नका.

पैशांचे टप्पे: ऑर्डरला ५० टक्के, कॅमेरे बसल्यावर ४०, चित्र दिसल्यावर १०. पहिल्या हप्त्यात निदान मालाची खरेदी निघाली पाहिजे, नाहीतर आपलंच भांडवल अडकतं. ‘काम पूर्ण झाल्यावर’ असं लिहू नका, कारण पूर्ण म्हणजे काय यावरच वाद होतो. आणि शेवटचे १० टक्के ‘मोबाइलवर चित्र दिसल्यावर’ असंही नको. खालापूरच्या आतल्या गावात ग्राहकाचं इंटरनेट महिनाभर आलं नाही, तर तुमचे ४,४८४ रुपये तेवढे दिवस लटकणार. म्हणून मी लिहितो, ‘टीव्हीवर चारही चित्रं दाखवल्यावर, त्याच दिवशी.’