‘जय गजानन’ला प्रत्युत्तर

शेगावच्या श्री गजानन महाराजांमुळे बुलडाणा जिल्ह्यात ‘जय गजानन’ हे नित्याचे अभिवादन झाले आहे. चिकित्सालयात पाऊल टाकताच आगंतुक तेच उच्चारतो. मेजामागून प्रत्युत्तर येते, ‘नाव? वय? गाव? मोबाईल?’ केसपेपरवरील रकाने या क्रमाने छापलेले असतात, एवढेच त्याचे कारण. चरकांच्या दशविध परीक्षेत वयाचा विचार आहे, पण तो दहाव्या स्थानी येतो.

या घाईचा दोष कोठे दिसतो, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. बाजाराच्या दिवशी एक प्रौढ स्त्री येते. साहाय्यक तिचे नाव आणि वय ४८ वर्षे असे लिहून घेतो आणि मग तक्रार विचारतो. भोवती गावची माणसे बसलेली. ती ‘पोट साफ होत नाही’ एवढेच सांगते. कागदावर ४८ वर्षांच्या स्त्रीचा मलावष्टंभ नोंदविला जातो. वास्तविक औषध हवे आहे ते पाच महिन्यांच्या गर्भवती सुनेसाठी. त्या कागदावर विसंबून जयपालयुक्त इच्छाभेदी रसासारखे तीव्र विरेचन दिले गेले, तर अनर्थ ओढवेल. आपल्याकडे औषध न्यावयास येणारी व्यक्ती पुष्कळदा रुग्ण नसते. म्हणून नावाआधीचा प्रश्न ‘औषध कोणासाठी?’ हा होय.

‘जय गजानन, या, बसा. बोला, काय काम काढलंत?’ एवढ्या प्रत्युत्तराने आगंतुक आपली गरज स्वतःच सांगू लागतो. कोणास केवळ त्रिफळा चूर्णाची किंमत हवी असते, कोणास वैद्यराज केव्हा भेटतील हे विचारावयाचे असते. अशांचे नाव-गाव लिहून ठेवण्याचे प्रयोजन काय? व्यसनमुक्ती, श्वेतप्रदर, शुक्रदौर्बल्य यांसाठी आलेला मनुष्य तर आधी नाव विचारताच ‘ॲसिडिटीचं काही द्या’ म्हणून निघून जातो. केसपेपरांवर ‘अशक्तपणा’ आणि ‘गॅस’ याच तक्रारी वारंवार आढळू लागल्या, किंवा दिलेले क्रमांक लागेनासे झाले, तर दोष बहुधा मेजाशीच असतो.

‘कोन्या गावचे जी?’ ही वऱ्हाडातील आपुलकीची पृच्छा आहे, हे खरे. पण ओसरीवर ती सोयरिकीची वाट उघडते. लेखणी सरसावून विचारली की चौकशी ठरते. लहान गावात आडनाव आणि गाव कळले की ऐकणाऱ्यांना घर ओळखता येते.

तपशील नकोतच, असे नव्हे. सुश्रुतांनी प्रश्नपरीक्षेत देशाचाही समावेश केला आहे, आणि मात्रा ठरविताना वय हवेच. गरज कळल्यावर, शक्य तर आतल्या खोलीत, ते विचारावे. मोबाईल क्रमांक अखेरीस घ्यावा आणि कारण सांगावे: ‘सात दिवसांनी प्रकृती विचारण्यासाठी.’ सर्पदंश वा बेशुद्धावस्था असेल तेथे नावाचाही खोळंबा नको. प्रथम १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा.