‘इफ’ गळालेले जर-तर
केंब्रिजच्या सी१ ॲडव्हान्स्ड परीक्षेत एक प्रश्न असतो: दिलेला शब्द न बदलता, 3 ते 6 शब्दांत रिकामी जागा भरून मूळ अर्थ राखायचा. समजा, मूळ वाक्य आहे ‘शी डिडन्ट टेक द जॉब, सो शी इजन्ट इन लंडन नाऊ’ आणि शब्द दिलाय ‘हॅड’.

नोकरी नाकारली भूतकाळात. परिणाम मात्र आजचा. म्हणून उत्तरात दोन काळ एकत्र येतात: ‘हॅड शी टेकन द जॉब, शी वुड बी इन लंडन नाऊ’. ‘इफ’ गळतो, ‘हॅड’ कर्त्याआधी येतो.

‘वुड हॅव बीन’ लिहिले, तर ते ‘नाऊ’शी जुळत नाही. नकारातही सापळा आहे: ‘हॅडन्ट आय नोन’ चूक, ‘हॅड आय नॉट नोन’ बरोबर.

लिहिण्याआधी मूळ वाक्यातल्या दोन्ही क्रियापदांचा काळ तपासावा.