तीन लिंक, एक अर्ज : शिष्यवृत्तीचे खरे संकेतस्थळ ओळखायचे कसे?

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचे प्रवेश पूर्ण झाले, की नया नगरच्या गल्ल्यांमधल्या सायबर कॅफेंपुढे कागदपत्रांच्या फायली घेतलेली मुले दिसू लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, प्रवेशाची पावती. याच दिवसांत शिष्यवृत्तीच्या लिंकही मोबाइलवरून फिरू लागतात. त्यातली खरी कोणती, हे तपासायचे कसे, ते समजून घेण्यासाठी एक उदाहरण घेता येईल.

समजा, मीरा रोडच्या या वस्तीतली इतर मागास वर्गातील एक विद्यार्थिनी आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला, वडिलांचे वर्षाचे उत्पन्न तीन लाखांच्या आत. तिच्याकडे तीन लिंक आल्या आहेत. एक इमारतीच्या ग्रुपवर, एक मैत्रिणीकडून आणि एक कॉलेजच्या सूचनाफलकावरून उतरवून घेतलेली.

पहिली लिंक सगळ्यांत आकर्षक. वर अशोकस्तंभ, खाली तिरंग्याची पट्टी, ‘प्रधानमंत्री’ या शब्दाने सुरू होणारे भारदस्त नाव आणि 48 हजार रुपयांचे आश्वासन. अर्जाची मुदत ‘आज रात्री बारापर्यंत’. नोंदणी शुल्क 299 रुपये, तेही ‘परत मिळणारे’. पत्ता साधारण असा :

```
scholarships.gov.in.nondani-form.com/apply
```

घाईत पाहणाऱ्याला यात `scholarships.gov.in` हे केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलचे नाव दिसते आणि तो निश्चिंत होतो. खरी गोम इथेच आहे. संकेतस्थळाचा पत्ता पहिल्या तिरप्या रेषेपर्यंत घ्यायचा आणि उजवीकडून डावीकडे वाचायचा. तिरप्या रेषेच्या लगेच डावीकडे जे आहे, ते मालकाचे नाव. इथे ते आहे `nondani-form.com`. त्याच्या आधी मालकाला वाटेल ते जोडता येते, सरकारी पोर्टलचे नावसुद्धा. याउलट `gov.in` वर संपणारा पत्ता खासगी माणसाला विकत मिळत नाही. तो फक्त सरकारी खात्यांना आणि संस्थांना दिला जातो.

पत्त्याशेजारचे कुलूप पाहून अनेक जण फसतात. कुलपाचा अर्थ एवढाच, की मोबाइल आणि ते संकेतस्थळ यांच्यामधला मजकूर वाटेत तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला माणूस कोण, हे कुलूप सांगत नाही. ते प्रमाणपत्र भामट्यालाही काही मिनिटांत, फुकट मिळते.

या विद्यार्थिनीने आणखी एक गोष्ट केली. `lookup.icann.org` येथे मालकाचे नाव टाकून त्याची नोंदणी कधी झाली ते पाहिले. ‘2016 पासून विद्यार्थ्यांच्या सेवेत’ असे मिरवणारे संकेतस्थळ अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी जन्माला आले होते. मग तिने `scholarships.gov.in` हा पत्ता स्वतः टाइप केला. तिथे योजनांच्या यादीत प्रत्येक योजनेपुढे अर्जाची शेवटची तारीख दिलेली असते. त्या यादीत या नावाची योजनाच नव्हती. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आणि महाडीबीटीवर अर्ज करायला शुल्क लागत नाही, हे त्याहून सोपे लक्षण. सायबर कॅफेवाला भरण्याचे पन्नास-शंभर रुपये घेतो ते त्याच्या कामाचे, पोर्टलचे नव्हेत.

दुसरी लिंक : खोटी नाही, पण पुरेशीही नाही

मैत्रिणीने पाठवलेली लिंक एका खासगी संकेतस्थळाची होती. अशी संकेतस्थळे ट्रस्टच्या, कंपन्यांच्या आणि सरकारी शिष्यवृत्त्यांची माहिती एकत्र करून देतात. त्यात गैर काही नाही. पण सरकारी योजनेचा अर्ज तिथे पूर्ण होत नाही. ‘अर्ज करा’ हे बटण शेवटी मूळ पोर्टलवर नेते. तसे न नेता कागदपत्रे इथेच मागितली, तर थांबावे. शिवाय मोबाइल क्रमांक दिला, की पुढचे काही दिवस शैक्षणिक कर्जाचे आणि ‘समुपदेशना’चे फोन येत राहण्याची शक्यता असते. ट्रस्टची शिष्यवृत्ती असेल, तर ती जाहिरात त्या ट्रस्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आहे का, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

तिसरी लिंक आणि कॉलेजची खिडकी

फलकावरचा पत्ता होता `mahadbt.maharashtra.gov.in`. उजवीकडून वाचले तर `gov.in`, त्याआधी `maharashtra`, त्याआधी `mahadbt`. इथपर्यंत सरळ. पण नोंदणी करताना या पोर्टलनेही आधार क्रमांक आणि ओटीपी मागितला, आणि ती थबकली. ‘ओटीपी मागितला म्हणजे फसवणूक’ हे ऐकलेले असते. ते अर्धवट आहे. खऱ्या पोर्टललाही अर्जदाराची ओळख पटवण्यासाठी आधारचा ओटीपी लागतो. फरक दोन ठिकाणी पडतो : तो आपण स्वतः उघडलेल्या खऱ्या पत्त्यावर टाकतो, फोनवर कोणाला वाचून दाखवत नाही, आणि यूपीआयचा पिन किंवा एटीएम कार्डाचा क्रमांक कोणी मागत नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते.

योजना कागदावर आहे का, हेही तिने पाहिले. राज्याचे शासन निर्णय `gr.maharashtra.gov.in` वर मिळतात आणि प्रत्येकावर 18 अंकी संकेतांक असतो. उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा 8 जुलै 2024 चा निर्णय तिथे आहे : आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात 50 ऐवजी 100 टक्के लाभ. म्हणजे ज्या 48 हजारांच्या आमिषाला ती भुलली असती, त्याहून मोठा हक्क कदाचित आधीच तिच्या नावावर होता.

सर्वांत भक्कम कसोटी मात्र इंटरनेटवर नाही. महाडीबीटीवरचा अर्ज भरला, की तो आधी कॉलेजच्या लॉगिनमध्ये जातो. तिथला लिपिक मूळ कागदपत्रांशी पडताळून पुढे विभागाकडे पाठवतो. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरही पहिली पडताळणी संस्थेचीच. ही साखळी निर्दोष आहे असे मुळीच नाही. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीत 1,572 संस्था तपासल्या तेव्हा 830 बनावट किंवा बंद निघाल्या आणि प्रकरण 2023 मध्ये सीबीआयकडे गेले. तिथे संस्थाच खोट्या होत्या. पण आपल्या ओळखीच्या, चालू कॉलेजात शिकणाऱ्या मुलीसाठी प्रश्न सोपा आहे. अर्ज क्रमांक घेऊन शिष्यवृत्तीच्या खिडकीवर जायचे आणि ‘माझा अर्ज तुमच्याकडे दिसतो का?’ असे विचारायचे. पहिल्या लिंकवर भरलेला अर्ज कोणत्याच खिडकीवर दिसला नसता.

ग्रुपवरच्या त्या लिंकवर कोणी आधीच पैसे भरले असतील, तर तासाभराचाही उशीर महाग पडतो. आधी 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करावा, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी अडवण्याची संधी राहते. बँकेलाही लगेच कळवावे. मग `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवताना व्यवहार क्रमांक, लिंकचा पूर्ण पत्ता आणि स्क्रीनशॉट जोडावेत. लिंक ग्रुपवरून पुसायची ती त्यानंतर. आधी पुसली तर पुरावाच जातो. आधार क्रमांक दिला गेला असेल, तर `myaadhaar.uidai.gov.in` वर जाऊन बायोमेट्रिक लॉक करता येते.