स्टॉलपर्यंत नेणाऱ्या चार ओळी

दिल्लीच्या प्रगती मैदानावर १४ ते २७ नोव्हेंबर या काळात भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. १९८० पासून चालत आलेल्या या मेळ्यात राज्याराज्यांची दालने असतात आणि त्यांत कारागिरांचे छोटे छोटे स्टॉल. कोल्हापूरहून चपला घेऊन आलेल्या कारागिराकडे जाहिरातीला पैसे नसतात. मोबाइलवर पाठवायचे एक छायाचित्र आणि त्याखालच्या चार ओळी, एवढ्यावरच त्याची भिस्त असते.

अशा ओळींचा एक नमुना पाहू.

‘कोल्हापुरी चप्पल, थेट कारागिराकडून. प्रगती मैदान, महाराष्ट्र दालन, स्टॉल क्र. १२, प्रवेशद्वारातून आत येताच डावीकडे. मेट्रो : सुप्रीम कोर्ट स्टेशन. १९ ते २७ नोव्हेंबर. पायाचे माप द्या, जोड घरपोच मिळेल. पाठवणीचा खर्च आमचा.’

पत्ता बाहेरून आत येतो : मैदान, दालन, स्टॉल, बाजू. मैदान एवढे मोठे आहे की नुसता ‘स्टॉल १२’ म्हटल्यास गिऱ्हाईक भलत्याच दालनात फिरत राहते. मेट्रो स्टेशनचे पूर्वीचे नाव ‘प्रगती मैदान’ होते. जुन्या मजकुरावरून नक्कल केली, तर नकाशात न सापडणारे स्टेशन छापले जाते. दालन आणि स्टॉलचा क्रमांकही दरवर्षी बदलू शकतो. म्हणून जाणते लोक वाटपाचा कागद हाती येईपर्यंत ती जागा कोरी ठेवतात.

मेळा १४ तारखेला सुरू होत असताना ओळीत १९ का? पहिले पाच दिवस सहसा व्यापाऱ्यांसाठी राखीव असतात आणि त्यांचे तिकीट महाग असते. घाऊक खरेदीदारांसाठी १४ ते १८ चा मजकूर वेगळा करावा लागतो, कारण त्यांना घरपोच जोडाशी घेणेदेणे नसते. त्यांना किमान किती जोड घ्यावे लागतील आणि माल कधी मिळेल, हे हवे असते.

खरी कसोटी सवलतीची. ‘२० टक्के सूट’ लिहिणे सोपे; पण हाताने शिवलेल्या चपलेत नफा आधीच बेताचा, आणि ट्रंकेत आणलेल्या मालात नेमके हवे ते माप लवकर संपते. माप घेण्याची सवलत या दोन्ही अडचणींवर उपाय आहे. गिऱ्हाइकाला कागदावर उभे करायचे, दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवायची, अंगठ्याची जागा खुणेने दाखवायची. दोन पाय क्वचितच तंतोतंत सारखे भरतात, म्हणून दोन्हींचे माप. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेले कातडे सुरुवातीला ताठ असते, पायाला बसायला थोडे दिवस लागतात. हे स्टॉलवर सांगितले की परत पाठवलेले जोड कमी होतात.

नमुन्यात एक उणीव आहे : जोड किती दिवसांत पोहोचेल ते लिहिलेले नाही. कारागिराने गावी काम हातावेगळे करता येईल असा अवधी धरून तो आकडा शेवटच्या ओळीत घालावा. शिवाय मेळ्याच्या अखेरच्या दोन दिवसांत मापे घेणे थांबवायचे असेल, तर तेही तिथेच यावे.