रोज पुसली जाणारी फाइल

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका स्टुडिओचं बॅकअपचं काम माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी मालकांनी महिन्याचं बिल माझ्यापुढे ठेवलं. ‘अहो, तुम्ही तर म्हणाला होतात, चाळीस रुपयेही लागणार नाहीत!’ बिल 54 डॉलरचं होतं.

चाळीस रुपयांचा हिशेब मीच केला होता. सगळा डेटा 300 जीबी. क्लाउडवरच्या आर्काइव्ह वर्गाचा दर हजार जीबीला महिन्याला साधारण 1 डॉलर, नेहमीच्या साठवणुकीचा 23. म्हणून रात्रीचा बॅकअप थेट आर्काइव्हमध्ये जाईल, अशी मांडणी मी केली.

बॅकअपचं सॉफ्टवेअर रोज रात्री पूर्ण प्रत त्याच नावाने वर चढवायचं. तिथे एका वेळी एकच फाइल दिसे, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटायचं. पण त्याच नावाने नवी फाइल चढवली की जुनी पुसली असंच धरलं जातं. या वर्गात फाइल किमान 180 दिवस ठेवावी लागते. आधी पुसली तर उरलेल्या दिवसांचं भाडं लगेच लागतं. आमची प्रत एक दिवस जगायची आणि उरलेल्या 179 दिवसांचं भाडं मागे ठेवून जायची. म्हणजे जागा 300 जीबीची, भाडं 54,000 जीबीचं. नेहमीच्या वर्गात याच कामाला 7 डॉलर पुरले असते.

ही मुदत सगळीकडे सारखी नाही. ॲमेझॉनच्या डीप आर्काइव्हला आणि मायक्रोसॉफ्टच्या आर्काइव्हला 180 दिवस, गूगलच्या आर्काइव्हला 365. दर जितका खाली, तितकी मुदत बहुधा लांब. ॲमेझॉनच्या तपशीलवार बिलात हा आकार `EarlyDelete` या शब्दाने वेगळा दिसतो. एकूण रकमेवर नजर टाकून पुढे गेलं, तर तो सापडत नाही.

मुदतीआधी पुसलं म्हणजे नुकसान झालंच, असंही नाही. दर तेवीसपट कमी असेल, तर 180 दिवसांचं पूर्ण भाडं नेहमीच्या वर्गातल्या जवळपास आठ दिवसांच्या भाड्याएवढं होतं. महिनाभर ठेवून पुसायची प्रत दंड भरूनही स्वस्तच पडते. मार बसतो तो रोज बदलणाऱ्या फाइलला. मी हा आठ दिवसांचा हिशेब आधी करायला हवा होता.

आता रोजची प्रत नेहमीच्या वर्गात जाते. महिनाअखेरची तेवढी, नावात तारीख घालून, आर्काइव्हमध्ये. मालक जुनी शेवटची प्रत लगेच पुसायला निघाले होते. मी थांबवलं, कारण पुसली काय नि ठेवली काय, तिचं सहा महिन्यांचं भाडं लागणारच होतं. तिची मुदत संपायची तारीख स्टुडिओतल्या कॅलेंडरवर लिहून ठेवली.