एकच गाडी, एकच दिवस, पाच लेव्हल

गाडी किती आपोआप चालते हे सांगायला 0 ते 5 असे सहा आकडे वापरतात. ही उतरंड एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने 2014 मध्ये आखून दिली. गंमत अशी की हा आकडा गाडीला नसतोच! त्या क्षणी गाडीतली जी सोय चालू आहे, तिला तो असतो. म्हणून एकच गाडी सकाळी शून्यावर, दुपारी तीनवर आणि संध्याकाळी चारवर असू शकते.

अशी एक गाडी खरोखरच आहे. साल 2022, शहर जर्मनीतलं श्टुटगार्ट आणि गाडी मर्सिडीजची एस-क्लास. तिच्यात बसून विमानतळापर्यंत जाऊन येऊ.

ब्रेक आपोआप लागला, तरी शून्यच

शहरातला रस्ता. समोर अचानक कुणीतरी आडवं येतं आणि आपला पाय पोहोचायच्या आत गाडी स्वतःच करकचून थांबते. जीव वाचला, पण लेव्हल शून्य! कारण ही मदत क्षणापुरती होती. उतरंडीवर चढायचं तर सोयीने काही काळ सलग गाडी हाकायला हवी. आरशात लुकलुकणारा ‘बाजूला गाडी आहे’चा दिवाही याच कारणाने शून्यात मोडतो.

साधा क्रूझ कंट्रोल हिशेबातच नाही

क्रूझ कंट्रोल शोधला राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याने. तो लहानपणापासून अंध होता. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग मंदावायचा आणि ऐकायला लागला की वाढायचा. त्या हिसक्यांना कंटाळून टीटरला ही कल्पना सुचली, असं सांगतात. 1958 मध्ये ती क्रायस्लरच्या गाड्यांत आली. पण साध्या क्रूझ कंट्रोलला समोरचं काहीच दिसत नाही. ट्रक आडवा आला तरी तो ठरलेला वेग धरून बसतो, म्हणून एसएई त्याला मोजतच नाही. पुढच्या गाडीशी अंतर राखून वेग कमी-जास्त करणारा क्रूझ मात्र लेव्हल 1. त्याला लेन धरून ठेवणाऱ्या स्टिअरिंगची जोड मिळाली, की लेव्हल 2.

हात सोडले म्हणजे तीन नव्हे

इथे भलेभले फसतात. अमेरिकेत 2017 पासून कॅडिलॅकच्या सीटी6 मध्ये नेमून दिलेल्या महामार्गांवर हात पूर्ण सोडता येऊ लागले, तरीही ती लेव्हल 2च होती. एक कॅमेरा चालकाच्या चेहऱ्यावर रोखलेला असायचा आणि नजर रस्त्यावरून हटली की गाडी त्याला टोकायची. दोन आणि तीनमधली भिंत हातांची नाही, डोळ्यांची आहे. लेव्हल 2 मध्ये रस्त्यावर नजर ठेवायची जबाबदारी तुमची. लेव्हल 3 मध्ये ती गाडीची.

काही गाड्या नजरेऐवजी स्टिअरिंगवरचा हाताचा हलका ताण मोजतात. त्यावर लोकांनी काय शक्कल लढवावी? स्टिअरिंगच्या फटीत संत्रं खुपसून ठेवलं! एका कंपनीने तर त्यासाठी खास वजनच विकायला काढलं. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने 2018 मध्ये ते बंद करायला लावलं, ते योग्यच झालं. संत्र्याला ट्रक दिसत नाही.

ते दहा सेकंद

आता आपण महामार्गावर आलोय आणि समोर गाड्यांची रांग लागलीय. ‘ड्राइव्ह पायलट’चं बटण दाबलं की लेव्हल 3 सुरू. आता समोरच्या पडद्यावर चित्रपट बघितला तरी कायद्याने चालतं. झोपायला मात्र बंदी, कारण गाडी कधीही हाक मारेल आणि तेव्हा चालकाने जागं असायला हवं.

ही मोकळीक कुठे मिळते, ते ऐकण्यासारखं आहे. 2022 मध्ये वेग ताशी 60 किलोमीटरच्या आत हवा होता. रस्ता ठरलेला, बारीक नकाशा काढलेला महामार्गच हवा. चाकाच्या खाचेत बसवलेला सेन्सर रस्ता ओला झाल्याचं ओळखतो आणि मायक्रोफोन रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकतात. यातली एखादी अट मोडली, रस्ता ओला झाला किंवा भोंगा ऐकू आला, की गाडी सूचना देते आणि चालकाला 10 सेकंद मिळतात.

ताशी 60 म्हणजे सेकंदाला सुमारे 17 मीटर. दहा सेकंदांत गाडी जवळजवळ 170 मीटर पुढे जाते, आणि तेवढं अंतर तिने एकटीने सांभाळायचं असतं. चालक ढिम्म बसून राहिला तर ती हळूहळू वेग कमी करत थांबते, धोक्याचे दिवे लावते, मदतीसाठी फोन लावते आणि दारांचं लॉक उघडते. आत बेशुद्ध पडलेल्या माणसापर्यंत बाहेरच्यांना पोहोचता यावं, इतका पुढचा विचार त्यात केलाय. मला या साऱ्या तंत्रात हे लॉक उघडणं सगळ्यात जास्त भावतं.

ते दहा सेकंद गाडीने एकटीने सांभाळायचे, म्हणूनच ब्रेक आणि स्टिअरिंगला पर्यायी यंत्रणा लागते, एक बिघडली तर दुसरी हजर. लेव्हल 2 मध्ये ही दुसरी यंत्रणा म्हणजे आपण स्वतः! ऑडीने 2017 मध्ये ए8 या गाडीसाठी लेव्हल 3 जाहीर केली होती, पण ग्राहकांच्या हातात ती कधी आलीच नाही. ती पहिल्यांदा ग्राहकांना दिली होंडाने, 2021 मध्ये जपानमध्ये, तीही जेमतेम शंभर गाड्यांपुरती.

मालक विमानात, गाडी पार्किंगमध्ये

विमानतळ आला. पी6 या पार्किंगच्या दाराशी उतरायचं आणि मोबाइलवरून गाडीला निरोप द्यायचा. मग ती रिकामीच आत जाते आणि जागा शोधून उभी राहते. ही झाली लेव्हल 4, आणि तिला नोव्हेंबर 2022 मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. इथे 10 सेकंदांचा प्रश्नच उरत नाही, कारण हाक मारायला आत माणूसच नाही. अडलं तर गाडीने स्वतःच सुखरूप थांबायचं. तिचे डोळे मात्र निम्मे इमारतीत आहेत, कारण वाटेवर लक्ष ठेवणारे सेन्सर पार्किंगमध्येच बसवलेत. शेजारच्या साध्या पार्किंगमध्ये हीच गाडी रिकामी एक फूटही जाणार नाही.

मोठा आकडा म्हणजे हुशार गाडी?

अजिबात नाही. अमेरिकेत टेस्लाची लेव्हल 2 सोय सिग्नल, चौक, वळणं सगळं घेते. 2022 च्या एस-क्लासची लेव्हल 3 गाडी रांगेतून बाहेर पडली की संपायची. आकडा करामत मोजत नाही, जबाबदारी कुणाची आणि कुठवर हे मोजतो. फिनिक्स शहरात 2020 पासून लोकांना चालकाविना नेणारी वेमोची टॅक्सीसुद्धा 4 वरच आहे, कारण ती ठरलेल्या हद्दीतच फिरते. कुठेही, कसल्याही हवेत जाणारी लेव्हल 5 गाडी रस्त्यावर आलेलीच नाही.

आणि आपल्याकडे

चाकणला बनलेली महिंद्राची एक्सयूव्ही700 आणि पिंपरीत बनलेली टाटांची हॅरियर, दोन्हींच्या वरच्या मॉडेलांत शोरूमवाले ज्याला ‘एडास’ म्हणतात ती सोय मिळते. ती लेव्हल 2. खात्री करायची तर गाडीचं मॅन्युअल उघडा. ‘चालकाने सतत लक्ष ठेवावे’ असं लिहिलेलं असेल तर ती 2 किंवा त्याखालची, जाहिरातीत काहीही म्हणू द्या. ‘दोन प्लस’, ‘अडीच’ अशा पायऱ्या एसएईच्या उतरंडीत नाहीत.

पावसाळ्यात एक्स्प्रेस-वेवर या सोयीकडे नीट बघा. लेनचे पांढरे पट्टे पाण्याखाली गेले, किंवा पुढच्या ट्रकने काचेवर चिखल उडवला, की कॅमेऱ्याला पट्टे दिसेनासे होतात. डॅशबोर्डवर स्टिअरिंगचं हिरवं चित्र असेल तर ते विझतं किंवा करडं होतं आणि स्टिअरिंग हातात सैल वाटू लागतं. ते चित्र अंगठ्याच्या नखाएवढं असतं. वाहतुकीच्या गोंगाटात त्याबरोबरची टिंग ऐकू येईलच असं नाही, आणि लेव्हल 2 मध्ये ते दहा सेकंद मिळत नाहीत.